१८५३ हे साल नेमकं कोणाचं?

ठाण्यातल्या ब्रँडच्या गोष्टीत एक ओळ बऱ्याचदा येते: ‘भारतातली पहिली रेल्वे आली, ते आमचं ठाणं.’ ऐकायला भारी, पण त्यातून ‘प्रवासी’ हा शब्द गळलाय. मद्रासजवळ दगड वाहणारी रेड हिल रेल्वे १८३७ मध्येच धावली होती. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आली ती पहिली प्रवासी गाडी. कल्याणपर्यंत रूळ पोचले १८५४ मध्ये. म्हणजे कल्याणच्या दुकानाने १८५३ मिरवलं, तर ते गाडीच्या आधीच स्टेशनवर हजर!

खरी गडबड पुढे आहे. गावाचं साल लोगोखाली आलं, की ते दुकानाचंच वाटतं. वाक्य एकही खोटं नसतं, तरी समज खोटा होतो. त्यापेक्षा सरळ लिहा: ‘गाडी आली १८५३ ला, आम्ही आलो २०१६ ला.’ खरंही आहे आणि हसूही येतं.

मामलेदार मिसळच बघा ना. मामलेदार कचेरीजवळची मिसळ, म्हणून मामलेदार. या नावामागे ना राजा, ना दंतकथा. नावातच पत्ता आहे, कोणीही जाऊन तपासावा. लक्षात राहायला तेवढं पुरतं.