थायलंडचे चलनसंकट (१९९७) : गंगाजळीचा आभास

थायलंडमध्ये एका डॉलरला सुमारे २५ बाहत हा विनिमय दर दीर्घकाळ जवळपास स्थिर राखण्यात आला होता. मे १९९७ मध्ये सट्टेबाजांनी बाहतची प्रचंड विक्री केली, तेव्हा मध्यवर्ती बँकेने प्रामुख्याने वायद्याने डॉलर विकून दर सावरला. हे डॉलर पुढे द्यावयाचे असल्याने जूनअखेर ३० अब्ज डॉलरहून अधिक गंगाजळी कागदोपत्री शाबूत दिसत होती. प्रत्यक्षात तिच्यावर २३.४ अब्जांच्या वायदा देण्यांचा बोजा असल्याचे ऑगस्टमध्ये उघड झाले. परदेशस्थ सट्टेबाजांचा बाहतपुरवठा रोखूनही अल्पच अवधी मिळाला. व्याजदर चढे ठेवावेत, तर डबघाईस आलेल्या वित्तकंपन्या कोसळण्याचा धोका होता. अखेर २ जुलै रोजी बाहत तरंगता सोडावा लागला. सारांश, बचावाची खरी क्षमता गंगाजळीतून वायदा देणी वजा केल्यावरच कळते.