परिणाम-आकार आणि संख्याशास्त्रीय सार्थकता : मानसोपचार संशोधनात

उपचार घेतलेला गट आणि नियंत्रण गट यांच्यात फरक केवढा पडला, हे परिणाम-आकार सांगतो. मुळात फरक नसताना केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, हे पी-मूल्य सांगते. हे मूल्य ०.०५ च्या खाली असले की निष्कर्षाला रूढीने ‘सार्थक’ म्हणतात. पी-मूल्य जितके लहान तितका उपचार गुणकारी, असे प्रबंधांतून सर्रास लिहिले जाते. ते चूक आहे, कारण पी-मूल्य फरकाइतकेच नमुन्याच्या संख्येवरही अवलंबून असते.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेली, २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापली गेलेली चाचणी घ्या. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना प्रशिक्षित, पण व्यवसायाने मानसतज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी उपचार दिले. तीन महिन्यांनी बेक नैराश्य मापनीवर उपचार गटाची सरासरी सुमारे २० आणि नियंत्रण गटाची सुमारे २७.५ होती. प्रमाण विचलने अनुक्रमे १५.७ आणि १३.३, म्हणजे एकत्रित सुमारे १४.५. साडेसातच्या फरकाला १४.५ ने भागले की कोहेनचा डी सुमारे ०.५२ येतो. कोहेनच्या ढोबळ पट्टीवर ०.२ लहान, ०.५ मध्यम आणि ०.८ मोठा.

प्रत्येक गटात सुमारे २३० जण असल्याने इथे पी-मूल्य ०.०००१ पेक्षाही कमी आले. हाच ०.५२ प्रत्येकी २० जणांच्या गटांत मिळाला असता, तर पी-मूल्य ०.११ च्या आसपास गेले असते. विद्यार्थ्याने मग ‘उपचाराचा परिणाम नाही’ असे लिहिले असते, आणि ते अन्यायाचे ठरले असते. अशा वेळी ९५ टक्के विश्वास-अंतराल द्यावे. वीस-वीसच्या गटांत ते साधारण उणे ०.११ ते १.१५ येते, म्हणजे अभ्यासातून काहीच ठरत नाही. गोव्याच्या आकड्यांवर ते साधारण ०.३३ ते ०.७१ इतके अरुंद राहते. उलट प्रत्येकी हजार जण असले, तर ०.१ एवढा क्षुल्लक डीसुद्धा सार्थक ठरतो.

गणितात हमखास घडणारी चूक म्हणजे प्रमाण विचलनाऐवजी प्रमाण त्रुटीने भागणे. वरच्या उदाहरणात ती जवळपास १ आहे. तिने भागल्यास डी आठच्या घरात जातो. गटतुलनेत डी दोनच्या वर दिसला, की भाजक तपासावा.

उपचारापूर्वीच्या आणि नंतरच्या गुणांवरून एकाच गटाचा काढलेला डी या आकड्यांशेजारी ठेवू नये. काळाबरोबर आपोआप होणारी सुधारणाही त्यात मिसळलेली असते. नियंत्रण गट कोणता, हेही नोंदवावे. गोव्यात त्या गटालाही नेहमीपेक्षा सुधारित सेवा मिळत होती. नुसत्या प्रतीक्षायादीशी तुलना केलेल्या अभ्यासांतला डी सहसा मोठा दिसतो, म्हणून तो याच्याशी थेट ताडता येत नाही.