लेखापरीक्षा अहवालाचे भाषांतर

अंतर्गत नियंत्रणातील त्रुटी आणि त्यांवरील प्रशासनाची उत्तरे नोंदवणारा अहवाल आशय व जबाबदारी न बदलता दुसऱ्या भाषेत आणण्याचे काम.

राज्याच्या लेख्यांवरील नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल संविधानाच्या अनुच्छेद १५१(२) नुसार राज्यपालांमार्फत विधानमंडळापुढे मांडले जातात. महाराष्ट्राविषयीचे अहवाल इंग्रजीबरोबर मराठीतही निघतात.

अशा अहवालातील परिच्छेदात सहसा आधी नियम, मग आढळलेली त्रुटी व तिचा परिणाम येतो. त्यानंतर विभागाचे उत्तर आणि त्यावर लेखापरीक्षेचा अभिप्राय असतो. कोणते विधान कोणाचे, हे भाषांतरात प्रत्येक वाक्यागणिक स्पष्ट राहावे लागते. उदा., रोखवही व बँक खाते यांचा ताळमेळ घेतला नसल्याच्या आक्षेपावर विभागाने ‘ताळमेळ घेतला जाईल’ असे कळवले असता, ‘ताळमेळ घेतला’ असे भाषांतर त्रुटी दूर झाल्याचे दर्शवते. ‘आक्षेपाची नोंद घेतली’ म्हणजे ‘आक्षेप मान्य केला’ असेही होत नाही. अशा चुका मूळ उत्तरातील क्रियापदाचा काळ व कर्ता ताडून पाहिल्यास सापडतात.

लोकलेखा समिती अहवालाच्या आधारे विभागाची साक्ष घेते, त्यामुळे आश्वासन आणि पूर्तता यांतील भेद भाषांतरात टिकणे आवश्यक ठरते (पाहा : अंतर्गत नियंत्रण, लोकलेखा समिती).