नोटीस पिरियडचा पर्याय कोणाच्या हातात? १८५९ च्या कायद्यापासून आपल्या अपॉइंटमेंट लेटरपर्यंत

आजचा एपिसोड एका वाक्यावर आहे. तुमचं अपॉइंटमेंट लेटर उघडा आणि नोटीस पिरियडचा क्लॉज शोधा. आयटीमध्ये असाल तर बहुतेक वेळा नव्वद दिवस लिहिलेले असतात आणि पुढे अशा अर्थाची ओळ असते, की नोटीसऐवजी पैसे स्वीकारायचे की नाही हे कंपनी ठरवेल. मी सही केली तेव्हा ही ओळ वाचलीसुद्धा नव्हती. राजीनामा दिला तेव्हा कळलं की सगळी गोष्ट याच ओळीत आहे. काम पूर्ण करून घ्यायचं की पैसे घेऊन सोडायचं, हा पर्याय कोणाच्या हातात आहे? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

सुरुवात १८५९ पासून करू. त्या वर्षी ब्रिटिश सरकारने कामगारांच्या करारभंगाचा कायदा आणला. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांसाठी तो आधी होता, नंतर इतर भागांतही लागू करता येत असे. कारागीर किंवा मजुराने मालकाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल घेतली आणि काम अर्धवट सोडलं, तर मालक मॅजिस्ट्रेटकडे जायचा. मॅजिस्ट्रेट दोनपैकी एक हुकूम द्यायचा. एक तर उचल परत कर, नाहीतर काम पूर्ण कर. यातला कुठला हुकूम हवा, हे निवडायचा हक्क मालकाचा होता. मजुराने ऐकलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग, तोही सक्तमजुरीचा.

थोडक्यात, नोकरी सोडणं हा गुन्हा होता आणि पर्याय मालकाच्या हातात. हा कायदा रद्द करायला १९२५ साल उजाडावं लागलं.

पण याच काळात दुसऱ्या बाजूला एक वेगळं तत्त्व रुजत होतं. १८७७ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्यात म्हटलं होतं की ज्या करारात माणसाचं स्वतःचं कौशल्य, स्वतःची मेहनत लागते, तो करार कोर्ट जबरदस्तीने पाळायला लावणार नाही. १९६३ च्या नव्या कायद्यातही कलम १४ मध्ये ते तत्त्व राहिलं. साध्या भाषेत, कोर्ट तुम्हाला खुर्चीत बसवून कोड लिहायला लावू शकत नाही. फार तर नुकसानभरपाई द्यायला लावेल.

मग पर्याय कामगाराच्या हातात कधी आला? कारखान्यांसाठी १९४६ मध्ये स्टँडिंग ऑर्डर्सचा कायदा आला. त्यासोबतच्या नमुना नियमांत असं होतं, की महिन्याच्या पगारावरच्या कायम कामगाराची नोकरी संपवायची तर एक महिन्याची लेखी नोटीस हवी. ती मालकाने द्यावी किंवा कामगाराने, आणि नोटीसऐवजी एक महिन्याचा पगार देता येईल. आपण आज ज्याला बायआउट म्हणतो तो हाच. फरक बघा, इथे दोन्ही बाजूंना सारखाच नियम आहे. ‘मालकाच्या मर्जीने’ असं काही नाही. आपल्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये ती मर्जी परत आली. मागे तुरुंग नाही, पण वाक्याची घडण १८५९ सारखीच आहे.

मग तुम्ही विचाराल, कोर्ट कामाला जुंपू शकत नाही तर सरळ उठून गेलो तर काय होईल? याचं उत्तर आपल्या कल्याणमध्ये आहे.

१९६३ मध्ये सेंच्युरी स्पिनिंग कंपनीने कल्याणच्या प्लांटमध्ये टायर कॉर्डचं सूत बनवायला घेतलं होतं. तंत्रज्ञान परदेशी कंपन्यांकडून आलं होतं आणि ते गुप्त ठेवण्याची अट होती. तिथे एका तरुणाला शिफ्ट सुपरवायझर म्हणून पाच वर्षांच्या करारावर घेतलं, त्याला कित्येक महिने ट्रेनिंग दिलं. करारात होतं की मुदतीआधी सोडलंस तर उरलेल्या काळात असंच काम दुसरीकडे करायचं नाही आणि सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई द्यायची.

१९६४ च्या शेवटी त्याने राजीनामा दिला. कंपनीने पत्र लिहिलं की राजीनामा मंजूर नाही, कामावर ये. त्याने कळवलं की मी दुसरीकडे लागलोय. ती दुसरी कंपनी होती राजस्थानातल्या कोट्याची, तेच सूत बनवणारी, आणि पगार जास्त. ओळखीची वाटते ना गोष्ट?

केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि जानेवारी १९६७ मध्ये निकाल लागला. तो सुपरवायझर हरला. पण कसा हरला ते नीट ऐका. कल्याणला परत ये असं कोर्टाने सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की करारात कबूल केलेल्या पाच वर्षांपैकी उरलेल्या काळात तू टायर कॉर्डच्या सुताचं तेच काम दुसऱ्याकडे करू शकत नाहीस. ही बंदी एकाच प्रकारच्या कामापुरती आहे, त्यामुळे माणूस उपाशी बसणार नाही, म्हणून ती वाजवी ठरली.

यातून आपल्याला एक नेमकी गोष्ट कळते. नोकरी संपल्यानंतर ‘प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नको’ ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. पण करार चालू असताना तीच अट टिकू शकते. आणि नोटीस पिरियड म्हणजे करार अजून चालू आहे. म्हणून नोटीस संपवून किंवा लेखी रिलीज घेऊन जाणं वेगळं, आणि एका शुक्रवारी लॅपटॉप ठेवून गायब होणं वेगळं.

आता माझी केस. फेब्रुवारीच्या तीन तारखेला मी राजीनामा टाकला. नव्वद दिवस म्हणजे चार मे. नव्या कंपनीला मी २४ मार्चला हवा होतो. मी २० मार्च हा शेवटचा दिवस मागितला, म्हणजे पंचेचाळीस दिवस कमी पडत होते.

आधी एचआरकडे गेलो, हीच पहिली चूक. मॅडम म्हणाल्या, “आपल्या पॉलिसीत बायआउट नाही. तुम्हाला पूर्ण नोटीस सर्व्ह करावी लागेल.” मग मॅनेजरशी बोललो. तो म्हणाला, “अरे, सोळा मार्चला रिलीज आहे. तू गेलास तर पेमेंटचं मॉड्यूल कोण बघणार?” तेव्हा ट्यूब पेटली. एचआरला पॉलिसी सांभाळायची असते, मॅनेजरला रिलीज. त्याची खरी अडचण नव्वद दिवसांची नव्हती, सोळा मार्चची होती.

मी त्याला एक पानाचा प्लॅन दिला. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कोणाला काय शिकवणार, मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रॉडक्शनचे इश्यू तो दुसरा माणूस एकटा सोडवणार आणि मी फक्त बघणार, रिलीजनंतर चार दिवस मी हजर. मॅनेजरने त्यावर ‘मला २० मार्च चालेल’ असं ईमेलवर लिहून दिलं. तोच ईमेल जोडून मी एचआरला पुन्हा विचारलं. यावेळी उत्तर आलं, “ठीक आहे, पण रिकव्हरी होईल.”

रिकव्हरीचा आकडा आला १,६८,१५०. बसलोच मी. मग हिशेब उलगडला. माझा महिन्याचा एकूण पगार ९५,००० होता. त्याला तीसने भागून पंचेचाळीस दिवसांचे १,४२,५०० झाले, वर अठरा टक्के जीएसटी. आता क्लॉज पुन्हा वाचला. त्यात भरपाई ‘बेसिक’ पगारावर लिहिली होती आणि माझा बेसिक ४०,००० होता. शिवाय ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानेच स्पष्ट केलंय की नोटीस न दिल्याबद्दल कापलेल्या पैशांवर जीएसटी लागत नाही, कारण ती सेवा नाही, करार मोडल्याची भरपाई आहे. तिसरी गोष्ट, माझ्या बारा सुट्ट्या शिल्लक होत्या आणि कंपनीच्या लीव्ह पॉलिसीत त्या नोटीसमध्ये वळत्या करता येत होत्या. सगळीकडे असं नसतं, त्यामुळे पॉलिसी वाचावीच लागते.

उरले तेहतीस दिवस. ४०,००० भागिले ३०, गुणिले ३३, म्हणजे ४४,०००. मी क्लॉज, परिपत्रक आणि लीव्ह पॉलिसी अशा तीन ओळींचा ईमेल पाठवला. भांडलो नाही, फक्त हिशेब मांडला. दोन दिवसांनी सुधारित शीट आली.

नव्या कंपनीने ते पैसे भरून द्यायचं कबूल केलं होतं. इथे एक खड्डा होता. ते पैसे पहिल्या पगारात मिळतात आणि पगार म्हणूनच त्यावर टॅक्स कापला जातो. त्यामुळे हातात पूर्ण ४४,००० पडले नाहीत. ऑफर घेतानाच ‘टॅक्स कापून हातात ४४,०००’ असं लिहून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आणि कंपनी शेवटपर्यंत नाहीच म्हणाली असती तर? तर खरं सांगायचं, मी थांबलो असतो. कोर्टाने मला परत आणलं नसतं हे मला माहीत होतं. पण रिलीव्हिंग लेटर कंपनीकडे असतं आणि नव्या ठिकाणी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला तेच मागतात. पैशांचा दावाही हवेत विरत नाही. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मुदतीआधी सोडणाऱ्या अधिकाऱ्याचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला.

म्हणून बोलणी सुरू करण्याआधी स्वतःला विचारा की समोरच्याकडे नेमकं काय आहे. १८५९ मध्ये त्याच्याकडे तुरुंग होता. आज त्याच्याकडे करारात लिहिलेली रक्कम आहे आणि एक कागद आहे. रक्कम क्लॉजमधून मोजता येते. कागदासाठी मात्र तुमच्या मॅनेजरची सोळा मार्च कुठली, ते शोधावं लागतं.

तुमच्या लेटरमध्ये भरपाई बेसिकवर आहे की एकूण पगारावर? आज बघून ठेवा, राजीनाम्याच्या दिवशी नको. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.