दुखवट्याच्या पत्रांतील अनुस्वार

एखाद्या घरीं मृत्यु घडला म्हणजे स्नेहीमंडळी दुखवट्याचा संदेश लिहितात, आणि तो पाठविण्यापूर्वीं कोणा जाणत्याच्या हातीं देऊन म्हणतात, "शुद्धलेखन तेवढें पाहून द्या." हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. कारण ज्यास आपण चूक म्हणतों तें पुष्कळदां केवळ जुनें वळण असतें. आणि तें वळण काढून टाकतांना मृताविषयींचा आदरच पुसला जाण्याचा संभव असतो. यासाठीं मराठी लेखनाचा थोडा इतिहास ध्यानांत असावयास हवा.

'दुखवटा' हा शब्द जुना आहे. पेशवाईंत मृताच्या कुटुंबाकडे सांत्वनाच्या पत्राबरोबर वस्त्रेंहि जात. त्यांस दुखवट्याचीं वस्त्रें म्हणत. तीं पत्रें मोडींत लिहिलेलीं असत. मोडींत इकार-उकारांचा ह्रस्वदीर्घ भेद सहसा पाळीत नसत. त्यामुळें वेलांटी अमुकच का दिली, असें कारकुनास कोणी विचारीत नसे. बालबोधींत पुस्तकें छापलीं जाऊं लागलीं, १८३६ सालीं दादोबा पांडुरंगांचें व्याकरण प्रसिद्ध झालें, शाळा निघाल्या. आणि मग ह्रस्वदीर्घाची चूक ही चूक म्हणून गणली जाऊं लागली.

त्याच छापील मराठींत अनुस्वारांची दाटी झाली. 'झालें', 'नाहीं', 'नांव', 'घरांत' यांवरील टिंबें शब्दाची व्युत्पत्ति आणि विभक्ति दाखविण्यासाठीं होतीं. शहरी बोलण्यांत त्यांचा उच्चार बहुधा उरला नव्हता. अखेर मराठी साहित्य महामंडळानें १९६२ सालीं चौदा नियम ठरविले आणि सरकारनें ते मान्य केले. १९७२ सालीं त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. या नियमांनीं उच्चार नसलेले अनुस्वार गेले. माझें हें भाषण जुन्या वळणाचें आहे. पाठवावयाचा संदेश मात्र आजच्या नियमांनींच लिहावा.

आतां एक उदाहरण घेऊं. एका वृद्ध गृहस्थांनीं असा मसुदा केला आहे असें समजा: "आपल्या वडीलांचें निधन झाल्याचें ऐकुन आम्हां सर्वांस अत्यंत दुख झालें. इश्वर त्यांच्या आत्म्यास शांति देवो."

यांत 'निधन झाल्याचें' आणि 'दुख झालें' यांवरील शेवटचीं टिंबें हें जुनें वळण, तीं काढावीं. 'शांति'हि जुन्या काळीं शुद्धच होतें. आज तो शब्द स्वतंत्र आला म्हणजे 'शांती' असा दीर्घ लिहितात, समासांत आधीं आला तर 'शांतिपाठ' असा ह्रस्वच राहतो. खऱ्या चुका चार आहेत. 'वडील' यांतील 'डी' दीर्घ खरा. पण प्रत्यय लागतांच तो ह्रस्व होऊन 'वडिलांचे' होतें. 'शरीर' हा संस्कृतांतून जसाच्या तसा आलेला शब्द असल्यामुळें 'शरीरास' यांत मात्र 'री' दीर्घच राहतो. 'ऐकून' यांतील 'ऊन' नेहमी दीर्घ. 'ईश्वर' यांतील पहिलें अक्षर दीर्घ. आणि 'दुःख' यांत विसर्ग हवा. तोहि 'ख'च्या आधीं, मागाहून नव्हे.

इतकें झाल्यावर खरा धोका पुढें येतो. तपासणारा तरुण, टिंबें गेलीं एवढेंच ऐकून, 'वडिलांचे' यांतील आणि 'त्यांच्या' यांतील टिंबेंहि खोडतो. आतां संदेश होतो: "त्याच्या आत्म्यास." हीं टिंबें १९६२ च्या नियमांनीं मुळींच काढलेलीं नाहींत. तीं अनेकवचनाचीं आहेत, आणि मराठींत वडीलधाऱ्या व्यक्तीविषयीं आदरार्थी अनेकवचन योजतात. टिंब गेलें कीं काल वारलेले वृद्ध गृहस्थ एकेरींत येतात. 'मातोश्रींचे' याऐवजीं 'मातोश्रीचे' लिहिल्यासहि तेंच होतें. 'आईचे' हा एकेरी शब्द घरच्या मायेचा आहे. तो मुलांच्या तोंडीं शोभतो, परक्यानें दुखवट्यांत 'आपल्या मातोश्रींचे' असेंच लिहावें.

दोन टिंबांतील भेद ओळखण्याची परीक्षा कानाची आहे. ओळ मोठ्यानें वाचावी. 'त्यांच्या', 'सर्वांस' यांत अनुनासिक स्पष्ट ऐकूं येतें. तेथें टिंब ठेवावें. 'झालें', 'निधन झाल्याचें' यांत तें ऐकूं येत नाहीं, तेथें काढावें. कोंकणांत कांहीं ठिकाणीं अशा शब्दांतहि नाकांतील उच्चार टिकून आहे. तेथील माणसानें दुसरी कसोटी लावावी: टिंब काढल्यानें अनेकांचा एक होतो काय? होत असेल तर हात लावूं नये.

एक गोष्ट मात्र नियमांच्या बाहेरची आहे. मृताचें नांव व आडनांव त्याचें कुटुंब जसें लिहितें तसेंच लिहावें. आपल्या व्याकरणानें तें सुधारूं नये.

तेव्हां संदेशाचें अंतिम रूप असें: "आपल्या वडिलांचे निधन झाल्याचे ऐकून आम्हां सर्वांस अत्यंत दुःख झाले. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो." जुन्या मसुद्यांतील तीन टिंबें गेलीं आहेत, आदराचीं दोन्ही जागच्या जागीं आहेत.