एकच कीर्तन, दोन मापें

बीड जिल्ह्यांतील आंबेजोगाईस मुकुंदराजांची एक आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. राजा जैत्रपाळानें हट्ट धरिला कीं, रिकिबींत पाय ठेवून घोड्यावर बसेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढ्यांत ब्रह्म दाखवावें. ज्या साधूंना हें साधलें नाहीं, ते कैदेंत पडले. शेवटीं मुकुंदराजांनीं ती अट पत्करिली, आणि रिकिबींत पाय असतांच राजाची समाधि लागली. ही कथा इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. मुकुंदराजांचें आंबानगर म्हणजे हेंच गांव कीं विदर्भांतील आंभोरें, हा वादही मिटलेला नाहीं. परंतु वक्त्याची जुनी अडचण तींत नेमकी आली आहे: बोलावयाचें एकानें, आणि वेळ ठरवावयाचा दुसऱ्यानें.

मुकुंदराजांनीं ग्रंथकार म्हणून या अडचणींतून जो मार्ग काढला, तो दोन ग्रंथांचा. शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, हा काल ज्याच्या अखेरीस दिलेला आहे तो ‘विवेकसिंधु’ मोठा. त्यांच्याच नांवावर असलेलें ‘परमामृत’ पुष्कळ लहान. कीर्तनकाराला मात्र अशी दोन बाडें बाळगून चालत नाहीं. सप्ताहांत त्याला दोन तास मिळतात, आणि एखाद्या उत्सवांत पाऊण तासांत आटोपावें लागतें. दोहोंकडे तो एकच टांचण नेतो, आणि हें ज्यामुळें शक्य होतें ती नारदीय कीर्तनाची रचना आपण येथें पाहूं.

या कीर्तनाचीं अंगें पांच: नमन, पूर्वरंग, मध्यंतरींचा नामघोष, उत्तररंग आणि शेवटची प्रार्थना. पूर्वरंगांत एक मूळ पद घेऊन त्याचें निरूपण करावयाचें. उत्तररंगांत तोच सिद्धांत एखाद्या आख्यानानें पटवावयाचा. निरूपणाचा प्रत्येक मुद्दा संपला कीं कीर्तनकार मूळ पदाच्या ध्रुपदावर परत येतो. श्रोत्यांना तो गायनाचा विसावा वाटतो. वस्तुतः तो रचनेचा सांधा आहे. जेथें ध्रुपद येतें, तेथें एक खंड पुरा झालेला असतो, म्हणून पुढचा खंड गाळला तरी तुटल्यासारखें वाटत नाहीं.

वरील आख्यायिकाच आख्यान म्हणून घेऊं. दोन तासांचे कीर्तन असेल, तर नमनास १० मिनिटें, पूर्वरंगास ४५, नामघोषास १०, आख्यानास ५० आणि प्रार्थनेस ५ अशी वांटणी करतां येईल. आतां ४० मिनिटेंच मिळालीं, तर सर्वच अंगें एका प्रमाणांत आंखडणें ही नवशिक्याची चूक. तसें केल्यास निरूपण पळतें आणि कथा कोरडी पडते. जाणता कीर्तनकार पूर्वरंगांतील पांच मुद्द्यांपैकीं एकच ठेवतो, पण तो सावकाश सांगतो. त्याला १० मिनिटें लागतात. नमन व नामघोष मिळून ५, आख्यान २२, आणि प्रार्थना ३. वेळ तिसऱ्या हिश्श्यावर आला, तरी आख्यान निम्म्याच्या जवळपास राहिलें. कारण श्रोता घरीं घेऊन जातो ती कथा.

आख्यानांतले प्रसंग गाळतांना मात्र अधिक जपावें लागतें. राजाचा हट्ट, साधूंची कैद, मुकुंदराजांचें येणें, रिकिबीचा क्षण आणि कैद्यांची सुटका असे पांच प्रसंग धरूं. यांतील कैद गाळून सुटका ठेवली, तर श्रोता विचारील, “हे कैदी आले कोठून?” कैद ठेवून सुटका गाळली, तर निरपराध साधु कथा संपली तरी तुरुंगांतच राहतात. म्हणून हे दोन प्रसंग जोडीनेंच राहतील, किंवा जोडीनेंच जातील. टांचणांत अशा जोड्यांना एकच खूण करून ठेवावी. हीच दक्षता पूर्वरंगाबाबतही हवी. गाळलेल्या मुद्द्यांतील एखादा दृष्टांत आख्यानांत “मघां सांगितल्याप्रमाणें” म्हणून डोकावला, कीं सभेंत लोक एकमेकांकडे पाहूं लागतात. यासाठीं घरीं एक परीक्षा करावी: प्रत्येक खंड एकटाच मोठ्यानें म्हणून पाहावा. मागच्या खंडावांचून जेथें अर्थ अडतो, तेथें एक वाक्य घालून तो स्वयंपूर्ण करावा.

आतां शेवटाविषयीं. पूर्वरंगांत वेळ गेला म्हणजे कात्री बहुधा अखेरीस लागते, आणि राजाचा पाय रिकिबींतच राहून श्रोते उठूं लागतात. म्हणून रिकिबीचा क्षण आणि प्रार्थना यांना लागणारीं मिनिटें आधींच बाजूला काढून, उरलेल्या वेळांतच बाकीचे खंड बसवावे. तरी या पद्धतीलाही मर्यादा आहे. एकावर एक पायरी चढत जाणारा वेदांतविचार असा सुटा करतां येत नाहीं. मधली पायरी काढली कीं वरची अधांतरीं राहते. तेथें लहान वेळेसाठीं निराळेंच बाड लिहावें लागतें. ‘विवेकसिंधु’ असतांना ‘परमामृता’चीही गरज कां पडावी, हें अशा वेळीं ध्यानांत येतें.