दिव्यातून निघालेलं सूत्र

दिवा सेकंदाला किती फोटॉन बाहेर टाकतो हे ज्या सूत्रानं काढतात, ते मुळात दिव्यांच्याच मोजमापातून निघालं. बर्लिनला लागून असलेल्या शार्लोटेनबुर्गमध्ये १८८७ साली जर्मन सरकारनं मोजमापांची प्रयोगशाळा काढली. गॅसच्या आणि विजेच्या दिव्यांची तुलना करायला प्रकाशाचं पक्कं माप हवं होतं. म्हणून तिथले शास्त्रज्ञ एक पोकळी तापवून तिच्या भोकातून येणारं प्रारण मोजू लागले. कोणत्या तरंगलांबीला किती ऊर्जा मिळते याचे आकडे हाती आले, पण लांब तरंगलांबीकडे ते तेव्हाच्या सूत्रात बसेनात.

१९०० च्या ऑक्टोबरात हाइनरिश रूबेन्स यांनी हे ताजे आकडे माक्स प्लांक यांच्या कानावर घातले. प्लांकनी लगेच जुळणारं सूत्र बसवलं आणि १४ डिसेंबरला त्याचं कारणही मांडलं: पोकळीच्या भिंतीतले कंपक ऊर्जा घेतात ती hν एवढ्या ठरावीक हिश्शांनी. याच आकड्यांवरून त्यांनी काढलेली h ची किंमत आजच्या किमतीहून जेमतेम एक टक्का कमी आहे. मला या कथेतलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

प्रकाश स्वतःच अशा कणांचा असतो, असं मात्र प्लांक म्हणाले नव्हते. ते धाडस १९०५ साली आइन्स्टाइननी केलं. ‘फोटॉन’ हे नाव रूढ झालं ते गिल्बर्ट लुईस यांच्या १९२६ मधल्या पत्रानंतर.

आता सोडियमचा १०० वॉटचा दिवा घेऊ. त्याच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर, म्हणजे ५.८९ × १०⁻⁷ मीटर. तरंगलांबी माहीत असली की E = hc/λ. h म्हणजे ६.६३ × १०⁻³⁴ आणि प्रकाशाचा वेग c म्हणजे ३ × १०⁸. त्यांच्या गुणाकाराला तरंगलांबीनं भागलं की एका फोटॉनची ऊर्जा येते ३.३८ × १०⁻¹⁹ ज्यूल. वॉट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल, तेव्हा १०० ला या ऊर्जेनं भागायचं. उत्तर सुमारे ३ × १०²⁰ फोटॉन दर सेकंदाला.

यात सगळी वीज पिवळ्या प्रकाशात बदलते असं धरलं आहे. खऱ्या दिव्यात बरीचशी ऊर्जा उष्णतेत जाते. शंभरातले तीसच वॉट प्रकाश झाले, तर फोटॉन उरतात ९ × १०¹⁹ च्या आसपास. म्हणून गणितात दिलेले वॉट विजेचे आहेत की प्रकाशाचे, हे आधी पाहावं.

दृश्य प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा साधारण अडीच ते पाच गुणिले १०⁻¹⁹ ज्यूल यांच्या दरम्यानच असते. तुमचं उत्तर १०⁻²⁸ वर गेलं असेल, तर नॅनोमीटरचे मीटर करायचे राहिले आहेत.